टकलावरची चकाकी, डोक्याची गोलाई

माणूस गोरा असो, गव्हाळ असो की काळासावळा, त्याचं टक्कल फोटोत चमकतं तेव्हा ती चमक पांढरीच दिसते. पिवळा बल्ब लावला तर चमकही पिवळट होते आणि खिडकीतून निळं आकाश दिसत असेल तर तिच्यात निळी झाक उतरते. त्वचेचा रंग मात्र तिच्यात जवळजवळ नसतो. तुकतुकीत टकलाचा फोटो नैसर्गिक कसा करायचा, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचं दोन तऱ्हांनी काहीतरी होतं. बहुतेक प्रकाश त्वचेच्या आत शिरतो. तिथे तो इकडेतिकडे विखुरतो, थोडा शोषला जातो आणि उरलेला त्वचेचा रंग घेऊन बाहेर येतो. आपण ज्याला माणसाचा वर्ण म्हणतो तो हाच प्रकाश. पण एक छोटा हिस्सा आत जातच नाही, वरच्या वर परततो. प्रकाश समोरून सरळ पडला तर हा हिस्सा जेमतेम तीन टक्के असतो, तिरका पडला की बराच वाढतो. त्याने त्वचेच्या आत पाऊलच टाकलेलं नसल्यामुळे तो दिव्याचाच रंग घेऊन येतो. चकाकी म्हणतात ती हीच.

मग केस असलेल्या डोक्यावर ती इतकी का खुपत नाही? टाळूखाली तेलग्रंथी दाट असतात आणि केस गळले तरी त्यांचं काम थांबत नाही. केस असतात तेव्हा ते तेल केसांवर चढतं, पसरतं. टकलावर ते त्वचेवरच साचतं, बारीक खाचा भरून काढतं आणि कवटीवर ताणून बसलेली त्वचा आणखी गुळगुळीत होते. खडबडीत पृष्ठभाग वरून परतणारा प्रकाश दाही दिशांना उधळतो, गुळगुळीत पृष्ठभाग तोच प्रकाश एका दिशेला एकवटून फेकतो. कॅमेरा नेमका त्या दिशेला असला की फोटोत पांढरा ठिपका उमटतो.

स्टीलच्या पळीची पाठ ट्यूबलाइटखाली धरून पाहिली तर पुढची गोष्ट लगेच कळते. पाठीवर ट्यूबचं बारीक, वाकलेलं प्रतिबिंब दिसतं. टक्कलही तसाच फुगीर आरसा आहे, फक्त अंधूक. त्याच्यावरचा पांढरा डाग म्हणजे खोलीतल्या दिव्याचं पसरट प्रतिबिंब असतं. छतात सहा छोटे एलईडी असतील तर टकलावर सहा ठिपके येतात, ट्यूब असेल तर पट्टा येतो, खिडकी असेल तर चौकोनी उजेड येतो. त्यामुळे चकाकीचा आकार आणि जागा बदलायची असेल तर आधी दिवा बदलावा लागतो.

गोलाई कुठे असते?

डोकं गोल आहे हे डोळ्याला चकाकीमुळे थोडंसंच कळतं. मुख्यतः ते कळतं त्वचेच्या आतून येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून. दिव्याकडे तोंड करून असलेला भाग उजळ, तिथून वळत गेलेला भाग थोडा मंद, पलीकडचा कानाजवळचा भाग गडद, आणि या सगळ्यांत कुठेही पायरी नाही. ही सावलीची सलग उतरण म्हणजे डोक्याचा आकार. चकाकी कमी करताना बहुतेकांचा हात घसरतो तो इथेच. पांढरा डाग पुसण्याच्या नादात ते उतरणही पुसतात आणि डोक्याच्या जागी कागदातून कापलेली चकती दिसू लागते.

चकाकी पूर्णच काढली तर काय होतं, हेही नीट पाहिलं गेलं आहे. पॉल डेबेव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मानवी चेहऱ्यावरच्या प्रकाशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्रुवीकरण करणारे फिल्टर दिव्यावर आणि कॅमेऱ्यावर लावून त्यांनी वरून परतणारा प्रकाश आणि आतून येणारा प्रकाश वेगवेगळे टिपले. या वाटेने पुढे सिनेमातले संगणकीय चेहरे अधिक खरे होत गेले. संगणकीय चेहऱ्याला जिवंत करायला वेगळी काढलेली चमक मोजूनमापून परत घालावीच लागते, कारण तिच्याविना त्वचा मेणाची किंवा रबराची वाटते. फोटोतही तेच आहे. आपल्याला चकाकी हवी असते, पण ती आवाक्यातली, त्वचेचा रंग ल्यालेली आणि एका ठिकाणची.

आधी दिवा, मग पावडर

एक उदाहरण घेऊन सगळी पावलं पाहू. एका निवृत्त शिक्षकांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी फोटो हवा आहे. वर्ण गव्हाळ, पूर्ण टक्कल, कानांच्या वर थोडे पांढरे केस, डोळ्यांवर चष्मा. जागा म्हणजे त्यांच्याच घरचा हॉल. छताजवळ ट्यूबलाइट चालू आहे आणि कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून पहिला फोटो काढला आहे. त्यात कपाळाच्या वर एक झगझगीत पांढरा डाग आला आहे, डाव्या बाजूला ट्यूबचा लांबट पट्टा आहे, आणि फ्लॅश सरळ समोरून पडल्यामुळे बाकी डोकं सपाट दिसतं आहे. एकाच फोटोत चकाकीही जास्त आणि गोलाईही गेलेली.

पहिलं काम ट्यूबलाइट बंद करायचं. डोक्यावर एकच मुख्य दिवा असला की चकाकीही एकच राहते. दुसरं काम फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून सॉफ्टबॉक्समध्ये घालायचं. फ्लॅशचं तोंड साधारण ७ बाय ४ सेंटीमीटरचं असतं, ९० सेंटीमीटर चौरस सॉफ्टबॉक्सचा पडदा त्याच्या जवळपास तीनशे पट मोठा. चेहऱ्यावर उजेड तेवढाच पाडला तरी तो आता मोठ्या पडद्यावरून येतो, त्यामुळे पडद्याचा प्रत्येक भाग पूर्वीपेक्षा कितीतरी मंद असतो. टकलावर त्याचंच प्रतिबिंब पडणार, म्हणून चकाकी पसरट आणि मऊ होते. तिच्यातून त्वचेची छिद्रं दिसू लागतात. मात्र हा पडदा जवळ हवा, माणसापासून एक-सव्वा मीटरवर. तो चार मीटर मागे नेला तर टकलाच्या दृष्टीने तो पुन्हा छोटा दिवाच.

दिवा कुठे ठेवायचा याचा नियम सोपा आहे. चकाकी तिथे येते, जिथे त्वचेचं तोंड दिवा आणि कॅमेरा यांच्या बरोबर मधोमध असतं. दिवा कॅमेऱ्यापासून ६० अंश बाजूला असेल तर कॅमेऱ्याच्या दिशेपासून ३० अंश वळलेल्या भागावर ती पडते. दिवा उंच चढवत गेलं तर ती कपाळावरून टाळूकडे सरकते. आपल्या उदाहरणात दिवा उजवीकडे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडाच वर ठेवला आहे. त्यामुळे चकाकी कपाळाच्या उजव्या उंचवट्यावर बसली आणि टाळू मोकळी राहिली. मग फोटोग्राफर म्हणतो, ‘‘गुरुजी, हनुवटी किंचित वर घ्या, आणखी थोडी… हां, बस.’’ हनुवटी बोटभर हलली तरी डाग एक-दोन सेंटीमीटर सरकतो, म्हणून हे करताना नजर डोळ्यांबरोबर डागावरही ठेवावी लागते.

दोन सवयी इथे मोडाव्या लागतात. केस उठून दिसावेत म्हणून मागून, वरून एक दिवा लावायची स्टुडिओत पद्धत आहे. टकलावर तो फार तिरका पडतो, आणि तिरका प्रकाश सर्वांत जास्त परततो, म्हणून टाळूची कड झगझगते. तो दिवा सरळ बंद करावा आणि डोकं पार्श्वभूमीपासून सुटं दिसावं यासाठी मागच्या भिंतीवर थोडा उजेड टाकावा. दुसरी सवय पांढऱ्या छतावर फ्लॅश मारायची. सगळं छतच दिवा झाल्यामुळे चकाकी मऊ येते हे खरं, पण डोक्याचा माथा चेहऱ्यापेक्षा उजळ होतो आणि नजर आधी तिकडेच जाते.

डाव्या बाजूची सावली फार काळी वाटली तर त्या बाजूला पांढरा थर्माकोल एक मीटरवर उभा करायचा. तिथे दुसरा सॉफ्टबॉक्स लावायचा मोह टाळावा. दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावलीची उतरण संपते, आणि शिवाय टकलावर दुसरी चकाकी येते.

आता पावडर. हे काम दिव्यानंतर करायचं, कारण दिवा बसल्याशिवाय किती पावडर हवी हे कळत नाही. टकलावर साधा टिश्यूपेपर ठेवून दाबायचा आणि उचलायचा. चोळायचा नाही, चोळल्याने त्वचा लाल होते आणि तेल पसरतं. मग त्वचेच्या छटेची मेकअपची पावडर पफवर घ्यायची, जास्तीची झटकायची आणि दाबत दाबत लावायची. पावडर दोन कामं करते. ती उरलेलं तेल पिते आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत करते, म्हणून वरचा प्रकाश विखुरतो. कपाळापाशी थांबू नये. टाळू, मागचा भाग, कानामागची जागा आणि मान इथपर्यंत हलका हात फिरवावा, नाहीतर डोक्यावर टोपीसारखी सीमा दिसते. कपाळाला गंध असेल तर तेवढी जागा सोडून काम करावं.

घरातली पांढरी टाल्कम पावडर इथे घात करते. डोळ्याला ती ठीक दिसते, पण फोटोत गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर राखाडी थर उमटतो. काही अतिबारीक पांढऱ्या सिलिका पावडरी तर फ्लॅशमध्येच पांढऱ्या फटक दिसतात. म्हणून पावडर लावल्यावर एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा. घाम आला तर आधी टिपून घ्यावा आणि मगच पुन्हा पावडर दाबावी. ओल्यावर पावडर मारली तर तिचे पोपडे होतात.

लेन्सवर पोलरायझर लावला तर हे सगळं टळेल का, असा प्रश्न येतो. टळत नाही. वरून परतणाऱ्या प्रकाशाला हा फिल्टर पूर्णपणे अडवतो तो एका ठराविक तिरक्या कोनातच, त्वचेसाठी तो साधारण ५५ अंशांच्या आसपास असतो. गोल डोक्यावर प्रत्येक जागेचा कोन वेगळा, त्यामुळे चकाकी कुठे जाते, कुठे राहते आणि ठिगळं दिसतात. दिव्यावरही तसाच फिल्टर आडवा लावला तर चकाकी पूर्ण जाते. त्वचेची तपासणी करणाऱ्या फोटोंसाठी ते उत्तम आहे, पण गौरवग्रंथातला चेहरा त्याने निर्जीव होतो.

टच-अप करताना

फोटो RAW मध्ये काढावा आणि एक्स्पोजर थोडं खाली, अर्ध्या स्टॉपच्या आसपास ठेवावं. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, जळलेला पांढरा भाग परत आणता येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जळालेली जागा लुकलुकताना दाखवायची सोय असते, ती चालू ठेवावी. टकलावर लुकलुक दिसली तर आणखी खाली यावं.

आपल्या उदाहरणात दिवा बदलूनही चकाकीचा मध्य जरा जास्तच उजळ राहिला आहे. फोटोशॉपमध्ये तिथे लाल, हिरवा, निळा हे आकडे २५२, २४९, २४५ दिसतात. शेजारच्या उजेडातल्या कपाळाचे आकडे १९८, १५२, १२२ आहेत आणि डाव्या कानाजवळच्या सावलीचे ११०, ७६, ५८. पहिला मोह होतो Highlights ची पट्टी पार डावीकडे ओढायचा. तसं केलं की डाग राखाडी होतो, कारण त्याच्यात त्वचेचा रंग मुळात नाहीच. पांढऱ्यात काळं मिसळलं तर करडंच मिळणार. म्हणून ही पट्टी −३० पर्यंत आणून सोडावी आणि रंग हाताने भरावा.

त्यासाठी नवी रिकामी लेयर घ्यायची आणि तिचा मोड Darken करायचा. या मोडमध्ये ब्रश फक्त स्वतःपेक्षा उजळ जागेवर चढतो, आजूबाजूची गडद छिद्रं आणि बारीक केस तसेच राहतात. Color मोड इथे कामाचा नाही, कारण तो उजळपणा कायम ठेवतो आणि जवळजवळ पांढऱ्या जागेवर त्याचा रंग दिसतच नाही. मऊ काठाचा ब्रश घेऊन Flow ५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. रंग निवडायचा तो डागाच्या अगदी काठाजवळच्या, त्याच उजेडातल्या त्वचेचा. आपल्याकडे तो २१४, १६८, १३८ आहे. गालाचा किंवा सावलीतला रंग घेतला तर तिथे खळगा पडल्यासारखं दिसतं. बाहेरून आत, थराथरानं रंग चढवायचा आणि डाग पूर्ण झाकला की लेयरची Opacity ६५ टक्क्यांवर आणायची.

आता मध्यावरचे आकडे साधारण २२७, १९६, १७५ होतात. हा भाग अजूनही डोक्यावरचा सर्वांत उजळ भाग आहे, म्हणजे गोलाई शाबूत आहे. तिथे त्वचेचा रंगही आला आहे, म्हणजे दिव्याचा पांढरा शिक्का गेला आहे. हीच लेयर १०० टक्के ठेवून आणि कपाळाचाच १९८, १५२, १२२ हा रंग भरला असता, तर उजळ शिखर संपून तिथे सपाट पठार तयार झालं असतं. गोलाई गमावली जाते ती नेमकी अशी.

ट्यूबचा पट्टा, किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याचा चुकार ठिपका राहिला असेल तर तो मात्र पूर्ण घालवावा. त्याला डोक्याच्या आकाराशी काही देणंघेणं नसतं. एका मुख्य प्रकाशाची एक चकाकी राहिली की डोळा गोंधळत नाही.

शेवटी पोत. रंग भरलेली जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गुळगुळीत दिसते, कारण तिथली छिद्रं जळून गेलेली असतात. ५० टक्के करड्या रंगाची लेयर Overlay मोडमध्ये घेऊन तिच्यावर Add Noise दोन-तीन टक्के द्यायचं, Monochromatic ची खूण करायची आणि मास्क लावून ती फक्त त्या डागापुरती दाखवायची. डाग मोठा असेल तर शेजारची, त्याच बाजूने उजळलेली खरी त्वचा Clone Stamp ने कमी Opacity वर आणणं चांगलं. डाव्या बाजूची त्वचा उजवीकडे नेली तर छिद्रांच्या सावल्या उलट पडतात, आणि का ते न कळता बघणाऱ्याला काहीतरी खटकतं.

पारख

काम झालं की नाही हे पाहायला वर एक कृष्णधवल लेयर टाकावी आणि उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत टकलावरून एक रेघ मनात धरून उजळपणाचे आकडे वाचावेत. १३५, १७०, २०५, १८०, १४५, ११०, ८५ अशी चढून उतरणारी माळ दिसली तर डोकं गोल आहे. १३५, १६५, १६५, १६५, १४५ असं काही दिसलं तर मध्ये पठार आहे आणि ब्रश परत थोडा पुसावा लागेल. मग फोटो बोटाएवढा छोटा करून पाहावा. छोट्या फोटोत डोळा तपशील सोडून आकार पाहतो. डोकं तिथेही गोल वाटलं पाहिजे आणि नजर आधी डोळ्यांकडे गेली पाहिजे.

नाकाचा शेंडा आणि गालाची हाडंही तपासावीत. नाक चमकत असेल आणि टक्कल मॅट असेल तर डोकं आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. टकलावरची चकाकी नाकावरच्या चकाकीपेक्षा थोडी मंद, पण त्याच जातीची असावी.

फोनवर फोटो काढणाऱ्यालाही यातलं बरंच जमतं. ट्यूब बंद करून वडिलांना मोठ्या खिडकीच्या बाजूला, तिच्याकडे थोडं तोंड करून बसवावं, डोकं रुमालाने टिपावं, पडद्यावर टकलावर बोट ठेवून उजेडाची खूण थोडी खाली ओढावी. Snapseed मधल्या Selective ने डागावर ठिपका ठेवून उजळपणा −२० ते −३० केला तर बरंच काम होतं. त्याखाली गेलं आणि जागा करडी दिसू लागली, तर ती जागा जळलेली आहे असं समजावं आणि दुसरा फोटो काढावा.

पुस्तकात छापायचं असेल तर एक गोष्ट छापखान्यात जाण्यापूर्वी पाहावीच. पूर्ण पांढऱ्या जागेवर शाईचा एकही ठिपका पडत नाही, तिथे कोरा कागद दिसतो. पडद्यावर सुसह्य वाटलेला डाग छापल्यावर भोकासारखा वाटतो तो यामुळे. चकाकीच्या सर्वांत उजळ जागीही तीन ते पाच टक्के शाई राहील असं फाइलमध्ये पाहावं आणि त्याच कागदावर एक प्रूफ मागावं. आर्ट पेपरवर चकाकी थोडी जास्त उठते, साध्या मॅपलिथोवर ती दबते. म्हणून लेयरची Opacity कायमची पक्की करायची ती प्रूफ हातात आल्यानंतर.